ऑर्डरची बेरीज SUMPRODUCT ने करताना या चुका टाळा

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस बेळगावातल्या मिठाईच्या दुकानांत ऑर्डरींच्या याद्यांचा ढीग पडतो. खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक, सगळीकडून फोनवर याद्या येतात. वजन एका रांगेत, दर दुसऱ्या रांगेत, आणि एकूण रक्कम लगेच हवी असते. अशा वेळी एक्सेलमधलं SUMPRODUCT हे फंक्शन फार कामाचं आहे. प्रत्येक ओळीत वजन गुणिले दर करून सगळ्याची बेरीज ते एकाच पेशीत देतं. पण ज्यांच्या हाती ते नवीन येतं, ते तासाभरात त्याच चुका करतात, आणि दुकानांचे हिशेब बघताना मला त्या दर हंगामात दिसतात.

पुढचं सगळं या एका यादीवर सांगतो. दर उदाहरणापुरते आहेत. A मध्ये माल, C मध्ये वजन किंवा नग, D मध्ये दर. पहिली ओळ शीर्षकाची.

```
ओळ  माल         C    D
2   कुंदा        12   480
3   करदंट        8    560
4   मांडे        40   60
5   पेढे         10   440
6   बेसन लाडू    15   380
7   चिवडा        20   260
```

```
=SUMPRODUCT(C2:C7,D2:D7)
```

बरोबर उत्तर 27,940. हा आकडा लक्षात ठेवा.

वजनाच्या पेशीत अक्षरं

सगळ्यांत जास्त पैसे घालवणारी चूक हीच. आपल्याकडे याद्या एका भाषेत येत नाहीत. कुणी मराठीत '10 किलो' लिहितं, कुणी कन्नडमध्ये, कुणी इंग्रजीत केजी जोडून. दुकानातला पोरगा ते तसंच उचलून C मध्ये चिकटवतो. आपल्याला तिथे दहा दिसतं, पण एक्सेलच्या दृष्टीने तो आकडा नसून मजकूर असतो. आणि स्वल्पविराम घालून लिहिलेल्या SUMPRODUCT चा नियम असा की मजकूर सापडला तर तो शून्य धरायचा. लाल खूण नाही, इशारा नाही. ती ओळ गुपचूप शून्य होते आणि खाली एक नीटनेटका आकडा येतो.

एका दुकानात नेमकं हेच झालं. यादी वरच्यासारखीच, निपाणीच्या गिऱ्हाईकाची. पेढ्यांच्या पेशीत '10 किलो' असं चिकटवलेलं होतं. लाडवांच्या पेशीचा फॉरमॅट आधीपासून Text होता, म्हणून तिथला 15 सुद्धा मजकूरच झालेला. खाली उत्तर आलं 17,840. त्याच रकमेचं बिल गेलं, माल गेला, पैसेही आले. संध्याकाळी मालक गल्ल्यावर बसून यादी वाचत होते. ही माणसं तोंडी हिशेब करत वाढलेली. ते म्हणाले, "कुंदा, करदंट, मांडे मिळून साडेबारा हजाराच्या वर जातंय. चिवडा पाच हजार दोनशे. एवढ्यातच सतरा-आठशेचाळीस झालं की रे. मग पेढे आणि लाडू फुकट दिलो काय आपण?"

पोरगा म्हणाला, "नाही अण्णा, मी फॉर्म्युला बरोबर घातलोय. बघा की, एरर कुठं आलाय?"

फॉर्म्युला खरंच बरोबर होता. पेढ्यांचे 4,400 आणि लाडवांचे 5,700, मिळून 10,100 रुपये बेरजेतून गळले होते. गिऱ्हाईक जुनं होतं म्हणून मागितल्यावर मिळाले, पण माल पोचल्यावर चार दिवसांनी फोन करून पैसे मागायला मालकांना फार जड गेलं. अण्णांनी पोराला रागावलं नाही. मला मात्र अजून राग येतो तो "एरर कुठं आलाय" या वाक्याचा. एरर आला नाही म्हणजे उत्तर बरोबर, ही समजूत नवशिक्यांच्या डोक्यातून काढायला सगळ्यांत वेळ लागतो.

म्हणून मी स्वतः स्वल्पविरामाचा फॉर्म्युला वापरत नाही. मी गुणाकाराचं चिन्ह घालतो:

```
=SUMPRODUCT(C2:C7*D2:D7)
```

याच यादीवर हा फॉर्म्युला `#VALUE!` देतो, कारण '10 किलो' ला 440 ने गुणता येत नाही. काम तिथेच थांबतं आणि मला तेच हवं असतं. पेढ्यांची पेशी दुरुस्त करून नुसतं 10 लिहिलं की उत्तर येतं 27,940. लाडवांचा 15 अजून मजकूरच आहे, पण नुसता आकडा असलेला मजकूर गुणाकारात आकडा धरला जातो. स्वल्पविराम ठेवला असता तर याच टप्प्यावर 22,240 आलं असतं आणि लाडू तरीही फुकट गेले असते.

अशा पेशी ओळखायच्या कशा? आकडा आपोआप उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. पण कुणी रांग मध्यभागी आणून ठेवली असेल तर हे दिसत नाही. पेशीच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण असेल तर त्यावर `Number Stored as Text` असं येतं, पण '10 किलो' ला तो त्रिकोण येत नाही. मी बेरजेच्या शेजारच्या पेशीत कायम हे ठेवतो:

```
=SUMPRODUCT(--ISTEXT(C2:D7))
```

वजन आणि दर या दोन्ही रांगांत मजकुराच्या किती पेशी आहेत ते यातून कळतं. इथे शून्य दिसल्याशिवाय मी बिल छापू देत नाही.

दुरुस्ती करताना आणखी एक गफलत होते. लोक रांग निवडून फॉरमॅट Text वरून Number करतात आणि झालं असं समजतात. तेवढ्याने आत बसलेला मजकूर बदलत नाही. रांग निवडा, `Data` मध्ये `Text to Columns` उघडा आणि काही न बदलता `Finish` दाबा. आकडे आकडे होतात. त्यानंतरही एखादी पेशी हट्ट धरून बसली, तर ती वेबपानावरून उचललेली असण्याची शक्यता मोठी. तिच्यात न दिसणारी एक वेगळी मोकळी जागा असते. `TRIM` ने ती जात नाही, हे घालावं लागतं:

```
=VALUE(SUBSTITUTE(C6,CHAR(160),""))
```

आणि पडद्यावर 'किलो' दिसायलाच हवं असेल तर ते टाइप करू नका. `Format Cells`, मग `Custom`, आणि तिथे `0.00" किलो"` लिहा. पेशीत 10 राहतं, डोळ्यांना 10.00 किलो दिसतं.

रांगा एका ओळीने सरकलेल्या

दोन्ही रांगांची लांबी वेगळी असेल, म्हणजे C2:C7 आणि D2:D6, तर स्वल्पविरामाच्या फॉर्म्युल्यातही `#VALUE!` येतो. ते ठीक आहे, माणूस बघतो आणि सुधारतो. धोका आहे तो लांबी सारखी पण सुरुवात वेगळी असण्यात. घाईत माउस ओढताना एक रांग शीर्षकापासून सुरू होते आणि एक ओळ आधीच संपते:

```
=SUMPRODUCT(C1:C6,D2:D7)
```

दोन्हीकडे सहाच पेशी, म्हणून एक्सेलची तक्रार नाही. पण आता कुंद्याच्या दराला शीर्षक गुणलं जातं, म्हणजे शून्य. कुंद्याचं वजन करदंटाच्या दराला लागतं. चाळीस मांडे पेढ्यांच्या दराने विकले जातात, आणि चिवड्याचं वजन बेरजेत येतच नाही. उत्तर येतं 32,500. हा आकडा बघून कुणाला शंका यावी असं त्यात काहीच नाही. सत्तावीस हजारांच्या ऑर्डरीला बत्तीस हजार. गिऱ्हाईकाने स्वतः बेरीज मारली नाही तर ते पैसे भरून मोकळं होईल, आणि नंतर ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवशी दुकानाचं नाव जाईल.

इथेही गुणाकाराच्या चिन्हाचा फॉर्म्युला कामाला आला असता, कारण शीर्षक गुणताना तो अडला असता. पण C2:C7 ला D3:D8 जोडलं आणि D8 रिकामी असली तर तोही अडत नाही. तिथेही 32,500 च येतं. म्हणून फॉर्म्युला लिहिल्यावर त्या पेशीवर `F2` दाबायची सवय ठेवा. दोन्ही रांगांभोवती रंगीत चौकटी उमटतात. त्या चौकटींचे वरचे आणि खालचे काठ एकाच रेषेत आहेत का, एवढंच बघायचं. दोन सेकंदांचं काम आहे आणि तरीही लोक ते करत नाहीत. माउस न ओढता पत्ते हाताने टाइप केले तर ही चूक जवळजवळ होतच नाही. मी पत्ते टाइपच करतो, आणि शिकायला येणाऱ्यांनाही पहिले काही महिने माउस लावू देत नाही.

शेवटी वाढलेली ओळ

गिऱ्हाईकाचा पुन्हा फोन येतो, "दोन किलो शेव पण घाला." ओळ 8 मध्ये शेव लिहिली जाते, फॉर्म्युला 7 वरच थांबलेला असतो. माझी पद्धत अशी की यादीच्या शेवटी एक रिकामी रंगवलेली ओळ ठेवायची, फॉर्म्युल्यात तिलाही धरायचं, आणि नवा माल कायम तिच्या वर ओळ घुसवून लिहायचा. रिकामी पेशी शून्य धरली जाते, त्यामुळे बेरीज बिघडत नाही. `Ctrl+T` ने यादीचं टेबल केलं तर फॉर्म्युला आपोआप वाढतो. ज्याला ते जमतं त्याने ते करावं.

बाकीच्या

वजनांची बेरीज गुणिले दरांची बेरीज, म्हणजे `=SUM(C2:C7)*SUM(D2:D7)`, याचं उत्तर 2,28,900 येतं. तेवढा मोठा आकडा बघून चूक लगेच कळते. वाईट आहे ती सुधारलेली आवृत्ती: एकूण वजन गुणिले सरासरी दर. तिचं उत्तर 38,150, आणि ते खपून जातं. स्वस्त चाळीस मांडे आणि महाग आठ किलो करदंट यांची सरासरी काढून बिल करता येत नाही.

मांडे नगावर आणि दर डझनाचा, असं असेल तर फॉर्म्युला काही करू शकत नाही. दर आधी नगावर आणा.

एका गावापुरती रक्कम हवी असेल आणि गाव B मध्ये असेल, तर अट स्वल्पविरामाने जोडू नका, उत्तर शून्य येतं. गुणाकाराने जोडा:

```
=SUMPRODUCT((B2:B7="निपाणी")*C2:C7*D2:D7)
```

गावाच्या नावापुढे चुकून मोकळी जागा पडली असेल तर ती ओळ यातून सुटते. गावं एकदाच यादीत लिहून `Data Validation` ने निवडायला ठेवलेली बरी.

आणि फिल्टर लावून निपाणीच्या ओळी समोर आणल्या म्हणून बेरीज निपाणीची होत नाही. SUMPRODUCT लपलेल्या ओळीही मोजतं. फिल्टर लावून रक्कम बघायची असेल तर E मध्ये प्रत्येक ओळीला `=C2*D2` काढा आणि खाली `=SUBTOTAL(109,E2:E7)` घाला.