‘आजोबा देवाघरी गेले’ एवढं सांगून थांबता? लहान मुलांशी मृत्यूबद्दल बोलताना या चुका टाळा

मृत्यूची बातमी सांगताना आपल्या तोंडी ‘जाणे’ हेच क्रियापद येतं. आजोबा गेले. देवाघरी गेले. आपल्याला सोडून गेले. मोठ्यांना त्यातलं न बोललेलं कळतं. चार वर्षांच्या मुलाचा अनुभव मात्र वेगळा असतो: बाबा कामावर जातात आणि संध्याकाळी येतात, आत्या गावाला जाते आणि पुढच्या महिन्यात येते. म्हणून तीन दिवसांनी ते विचारतं, ‘आजोबा देवाघरून कधी येणार?’ मूल हट्ट करतंय किंवा त्याला काही कळतच नाही, असा समज घरात होतो. खरं तर त्याने आपल्या शब्दांचा अगदी सरळ अर्थ लावलेला असतो.

हे काही एखाद्याच मुलाचं नाही. हंगेरीतल्या मारिया नॅगी यांनी १९४८ मध्ये मुलांच्या मृत्यूविषयक कल्पनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली साधारण पाच वर्षांखालची मुलं मृत्यूकडे दूर जाणं किंवा झोप म्हणूनच पाहत होती. मेलेलं परत येत नाही, मेल्यावर शरीराचं काम थांबतं आणि प्रत्येक जिवंत गोष्ट कधीतरी मरते, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या आसपास नीट उमगू लागतात. त्याआधी त्या सांगायच्याच नाहीत असं नाही. उलट त्याच वयात साध्या शब्दांत आणि पुन्हा पुन्हा सांगाव्या लागतात.

आधी शरीर, मग स्वर्ग

स्वर्गाची गोष्ट सांगणं ही चूक नाही. ती आधी सांगणं ही चूक आहे. शरीराचं काय झालं हे कळलेलं नसेल, तर स्वर्ग म्हणजे दुसरं गाव ठरतं आणि मग फोन लावून द्या, गाडीने नेऊन सोडा, अशा मागण्या सुरू होतात. पहिलं वाक्य असं असू द्या:

‘आजोबा वारले. वारले म्हणजे त्यांचं शरीर काम करायचं थांबलं. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, काही दुखत नाही. डॉक्टरांनाही ते पुन्हा सुरू करता येत नाही. ते परत येणार नाहीत.’

इथे थांबा. मुलाला बोलू द्या. ‘मेले’ हा शब्द आपल्या माणसासाठी कानाला कठोर लागतो, म्हणून ‘वारले’ चालेल, पण त्याचा अर्थ त्याच क्षणी सांगायला हवा, कारण लहान मुलाने तो शब्द बहुधा ऐकलेलाच नसतो. नुसतं ‘शरीर बंद पडलं’ म्हणालात, तर खेळण्यासारखी नवी बॅटरी घालायचा प्रस्ताव येईल. डॉक्टरांचं वाक्य त्यासाठीच आहे. आजार होता, तर त्याचं नाव घ्या. नुसतं ‘आजारी होते’ ऐकलेलं मूल पुढच्या सर्दीला घाबरतं. ‘त्यांचं हृदय खूप जुनं आणि खूप आजारी झालं होतं, तुझ्या सर्दीसारखं नव्हे’, एवढा फरक पुरतो.

मूल अंत्यविधीला येणार असेल किंवा त्याबद्दल ऐकणार असेल, तर शरीराला आता काहीच जाणवत नाही हे तिथे जायच्या आधी सांगा.

स्वर्गाचा भाग त्यानंतर, आणि घरात जे खरंच मानलं जातं तेवढाच. ‘शरीर इथेच राहिलं. पण आजोबांमधलं जे प्रेम करायचं, ते देवाजवळ स्वर्गात आहे असं आम्ही मानतो. ती जागा दिसत नाही, आणि तिथे जाऊन परतही येता येत नाही.’ यातला ‘आम्ही मानतो’ महत्त्वाचा. ‘कुठे आहे ती जागा?’ या प्रश्नाला ‘मलाही ती दिसलेली नाही’ हे प्रामाणिक उत्तर देण्याची वाट त्यामुळे मोकळी राहते.

मुलाच्या डोक्यात या दोन गोष्टी एकमेकींवर आदळत नाहीत. जेसी बेरिंग आणि डेव्हिड ब्यॉर्कलंड यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मुलांना बाहुल्यांचा खेळ दाखवला. त्यात मगर उंदराला खाते. उंदराला आता खायला लागणार नाही, हे अनेक मुलांनी बरोबर सांगितलं. तरी त्याचं आईवर अजून प्रेम आहे, असंही म्हटलं.

सांत्वनाची वाक्यं जी उलटतात

‘देवाला आवडले म्हणून त्याने नेलं’ हे सगळ्यात वाईट. मूल पुढचा हिशेब मांडतं: देवाला आई आवडली तर? ‘वरून ते सगळं बघतात’ यात प्रेमाऐवजी पहारा ऐकू येतो. काही मुलं त्यानंतर एकटी कपडे बदलायलाही लाजतात. ‘तिथे इथल्यापेक्षा छान आहे’ ऐकून मूल म्हणतं, ‘मग मलाही जायचंय.’ दचकू नका, ओरडू नका. ‘आजोबांना भेटावंसं वाटतंय का?’ असं विचारा. बहुतेकदा तेवढंच असतं. तीच इच्छा सतत बोलून दाखवली किंवा कसं जायचं याचं वर्णन येऊ लागलं, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना लगेच दाखवा.

‘झोपले’ या शब्दाचा परिणाम मात्र उशिरा आणि भलत्याच ठिकाणी दिसतो. समजा साडेचार वर्षांच्या मुलीला सांगितलं, ‘आजी शांत झोपली आणि देवाकडे गेली.’ दोन आठवड्यांनी ती रात्री झोपायला तयार नाही आणि पहाटे आईचे डोळे बोटांनी उघडून बघते. घरचे दुपारची झोप बंद करून पाहतात, दिवा चालू ठेवतात, उपयोग होत नाही, कारण बिघाड झोपेत नसून वाक्यात आहे. दुरुस्ती दिवसा करायची, अंथरुणात नाही:

‘मी तुला आजी झोपली असं सांगितलं होतं ना? ते माझं चुकलं. आजी झोपली नव्हती, ती वारली. झोपल्यावर आपण श्वास घेतो. हात ठेव माझ्या पोटावर. हलतंय?’

‘हो.’

‘झोपेतही असंच हलतं, आणि सकाळी आपण उठतो. वारल्यावर हलत नाही.’

मग तिला झोपलेल्या बाबांचं पोट वर-खाली होताना दाखवा. पडताळणीसाठी ‘कळलं का?’ विचारू नका, ती हो म्हणेलच. ‘बाहुलीला सांग बरं आजीला काय झालं’ असं म्हणा. बाहुलीची आजी सकाळी उठून चहा पिऊ लागली, तर उद्या पुन्हा सांगायचं, शक्यतो त्याच शब्दांत. दर वेळी नवी उपमा दिली, तर आधीचं उत्तर खोटं होतं असं तिला वाटतं.

एक प्रश्न मूल सहसा विचारत नाही: ‘मी आजीवर रागावले होते, म्हणून का?’ या वयात मनातल्या रागानेही काही घडू शकतं असं वाटतं. त्यामुळे न विचारताच सांगा, ‘तू काही बोललीस किंवा केलंस म्हणून आजी वारली नाही.’

आणि ‘आई, तू पण मरणार?’ याला ‘छे, मी कधीच नाही’ हे उत्तर देऊ नका. ते खोटं आहे, आणि पुढे कधीतरी तिलाही ते कळेल. ‘सगळेच कधीतरी मरतात. पण मी आज बरी आहे, आणि तू मोठी होईपर्यंत, त्यानंतरही खूप वर्षं, मी असेन असं मला वाटतं.’ बऱ्याचदा यामागचा खरा प्रश्न असतो, ‘मग मला कोण सांभाळेल?’ त्याचं उत्तर नावानिशी द्या: बाबा, मावशी, काका. त्यातलं जे माणूस तिला रोज भेटतं, त्याचं नाव आधी घ्या.