व्हॉट्सअ‍ॅप चॅट फाइलमध्ये काढून ठेवताना: फोटोंसकट की फोटोंशिवाय?

गच्चीची गळती, वरच्यांच्या बाथरूमचं पाणी, रंगकामाचं बिल, पार्किंग. मुंबईच्या सोसायटीत वाद कुठलाही असो, त्याचा सगळा पत्रव्यवहार आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच होतो. वाद चिघळला की कुणीतरी म्हणतं, ‘चॅट काढून ठेव.’ मग सल्ले सुरू होतात. त्यातले दोन आधीच बाजूला ठेवा. ‘ड्राइव्हवर बॅकअप आहे ना, झालं तर’ हा पहिला. बॅकअप फक्त व्हॉट्सअ‍ॅपलाच वाचता येतो, तो उघडून कुणाला दाखवता येत नाही की छापताही येत नाही. ‘अमुक अ‍ॅप टाक, ते सगळं चॅट काढून देतं’ हा दुसरा. जे काम व्हॉट्सअ‍ॅपमध्येच होतं, त्यासाठी अनोळखी अ‍ॅपच्या हाती सगळ्या इमारतीच्या गप्पा कशाला द्यायच्या?

आता मूळ काम. अँड्रॉइडवर चॅट उघडा, वरचे तीन ठिपके दाबा, मग `More`, मग `Export chat`. आयफोनवर चॅटच्या वरचं नाव दाबा आणि खाली सरकत जाऊन `Export Chat` घ्या. फोन विचारतो: मीडियासकट की मीडियाशिवाय? त्यानंतर फाइल कुठे पाठवायची ते निवडा, झालं.

खरी मेख आहे ती त्या एका प्रश्नात.

बहुतेक जण ‘फोटो हवेतच’ म्हणून मीडियासकट काढतात आणि निश्चिंत होतात. पण मीडियासकट काढलं तर फक्त शेवटचे 10,000 मेसेज येतात. मीडियाशिवाय काढलं तर शेवटचे 40,000. त्याहून जुनं जे असेल ते फाइलमध्ये येत नाही, आणि तशी सूचनाही मिळत नाही. फाइल नीट तयार होते, उघडते, आत शेकडो फोटो दिसतात. नेमका हवा तो पावसाळा मात्र त्यात नसतो.

एक उदाहरण धरू. कांदिवलीतली सात मजल्यांची इमारत. 702 च्या छतातून गळती, पहिला फोटो ग्रुपवर पडला जुलै 2023 मध्ये. तक्रार करायची ठरली सप्टेंबर 2024 मध्ये. ग्रुपवर दिवसाला सरासरी 40 मेसेज पडतात. सुप्रभात, वाढदिवसाचे केक आणि ‘पाणी आलं का?’ धरले तर हा आकडा जास्त नाही. या वेगाने 10,000 मेसेज 250 दिवसांत, म्हणजे आठेक महिन्यांत भरतात. सप्टेंबरमध्ये मीडियासकट काढलेली फाइल जेमतेम जानेवारी 2024 पर्यंत मागे जाते. 2023 चा अख्खा पावसाळा, त्यातले फोटो आणि सेक्रेटरींनी दिलेला शब्द, सगळं गायब. तेच मीडियाशिवाय काढलं तर 40,000 मेसेज म्हणजे 1,000 दिवस. तिथे जुलै 2023 आरामात सापडतो.

म्हणून फाइल काढल्यावर सगळ्यात आधी तिची पहिली ओळ बघा. शेवटची कुणीही बघतो, ती आजचीच असते. पहिल्या ओळीवरची तारीख तुमच्या प्रकरणाच्या सुरुवातीच्या आधीची असेल तर ठीक. नंतरची असेल तर फाइल अपुरी आहे, आतले फोटो कितीही छान दिसोत.

तर अशा मोठ्या ग्रुपसाठी निवड करत बसू नका, दोन्ही काढा. मीडियाशिवायची फाइल हा कणा, कारण मजकूर सर्वात मागे तिच्यातच जातो. मीडियासकटची फाइल अलीकडच्या फोटोंसाठी. आणि मधे जे जुने फोटो राहिले, ते हाताने. एकट्या सेक्रेटरीशी किंवा कंत्राटदाराशी केलेली चॅट सहसा 10,000 च्या आतच असते, तिथे मीडियासकट एकदा काढलं की पुरतं.

हाताने काढायचे म्हणजे कसे? ग्रुपच्या माहितीच्या पानावर मीडियाची यादी असते, तीत फोटो महिन्यांनुसार लावलेले असतात. जुलै 2023 वर जा, हवे ते फोटो निवडा आणि ड्राइव्हवर किंवा फोनच्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये पाठवा. अँड्रॉइडवर फाइलचं नाव `IMG-20230714-WA0012.jpg` असं असतं. मधले आठ आकडे म्हणजे तारीख, 14 जुलै 2023. हे नाव बदलू नका. ‘गळती फोटो 1’ असं सुबक नाव दिलंत की तारखेचा धागा तुटतो.

हे महत्त्वाचं का, ते फाइल उघडल्यावर कळतं. मीडियासकट काढलेल्या अँड्रॉइडच्या फाइलमध्ये फोटोचं नाव मजकुरातच येतं. मीडियाशिवाय काढलेल्या फाइलमध्ये त्याच जागी नुसतं `<Media omitted>` येतं, नाव नाही:

```
14/07/23, 9:42 pm - ए-702: छतातून पाणी परत सुरू
14/07/23, 9:43 pm - ए-702: <Media omitted>
```

हा कुठला फोटो? फाइल सांगणार नाही. तारीख आणि वेळ जुळवून तुम्हालाच लावावं लागतं. फोटोंच्या फोल्डरमध्ये एक साधा कागद ठेवा: ‘14/07/23, रात्री 9:43, IMG-20230714-WA0012’. पाच-सहा महत्त्वाच्या फोटोंना एवढं केलं तरी पुरे. आयफोनच्या फाइलमध्ये वेळेत सेकंदही येतात, त्यामुळे जुळवाजुळव सोपी जाते.

फोटो फोनमधून पुसला असेल तर मीडियासकट काढूनही तो येणार नाही. जो कधी डाउनलोडच केला नाही, तोही नाही. एक्स्पोर्ट करण्याआधी जुन्या मेसेजांपर्यंत वर सरकत जाऊन धूसर दिसणारे फोटो दाबून उतरवून घ्या. फार जुना असेल तर व्हॉट्सअ‍ॅप म्हणतं, पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवा. मग मागवा, पण पुन्हा आलेल्या फोटोवर आजची तारीख असणार, तेव्हा जुना मेसेज दिसेल असा एक स्क्रीनशॉट जोडीला ठेवा.

दुसरी मेख मजकुरातली आहे आणि ती फोटोंपेक्षा जास्त त्रास देते. एखाद्या मेसेजला उत्तर म्हणून लिहिलेला मेसेज फाइलमध्ये सुटा येतो. तो कशाला उत्तर होता, हे येत नाही. समजा 702 च्या गळतीच्या फोटोला धरून सेक्रेटरींनी दोन दिवसांनी उत्तर दिलं. फाइलमध्ये ते असं दिसेल:

```
16/07/23, 7:58 am - बी-304: टाकी कधी साफ होणार?
16/07/23, 8:01 am - सी-101: सुप्रभात 🙏
16/07/23, 8:05 am - सेक्रेटरी काका: हो, सोसायटीच्या खर्चाने करून देऊ
```

हे वाचून कुणीही म्हणेल, टाकीबद्दलच बोलतायत. गळतीचं काम सोसायटीच्या खर्चाने करून देण्याचा शब्द असा डोळ्यांसमोर नाहीसा होतो. अंगठे, हात जोडणं वगैरे प्रतिक्रियाही फाइलमध्ये येत नाहीत, म्हणजे कमिटीने नुसता अंगठा दाखवून दिलेली संमती फाइलपुरती झालीच नाही. मतदान येतं, पर्यायांसकट आणि मतांच्या आकड्यासकट, पण कुणी कुठे मत दिलं ते येत नाही. या तीन गोष्टींसाठी स्क्रीनशॉटच घ्यावा लागतो. स्क्रीनशॉट घेताना वर ग्रुपचं नाव आणि त्या मेसेजची तारीख दोन्ही दिसू द्या.

स्क्रीनशॉटच्या बाजूने मी बोलतोय ते इथपर्यंतच. अख्खी चॅट स्क्रीनशॉटांत काढायचा हट्ट धरणाऱ्यांनी तीनशे चित्रांतून ‘वॉटरप्रूफिंग’ हा शब्द शोधून दाखवावा.

नावांकडेही बघा. फाइलमध्ये नावं तुमच्या फोनबुकात जशी आहेत तशीच उतरतात. वर आलंय ते ‘सेक्रेटरी काका’ तुम्हाला कळतं, उपनिबंधक कार्यालयातल्या माणसाला नाही. एक्स्पोर्टच्या आधी महत्त्वाच्या चार-पाच जणांची नावं पूर्ण आणि खरी करून घ्या, किंवा कोणतं नाव कोणत्या नंबरचं याची यादी फाइलसोबत ठेवा. फाइल तयार झाल्यावर तिच्यात नावं बदलायची नाहीत. तारखेचा क्रम फोनच्या सेटिंगनुसार ठरतो. फोन अमेरिकन पद्धतीवर असेल तर 7 डिसेंबर हा 12/7 होतो आणि आपल्याकडे वाचणारा 12 जुलै समजतो. प्रदेश भारत असल्याची खात्री आधीच करा.

`Export chat` दाबूनही एक्स्पोर्ट होत नसेल तर ग्रुपमध्ये `Advanced chat privacy` चालू आहे का बघा. 2025 मध्ये आलेली ही सोय चालू असली की एक्स्पोर्ट अडतो. अ‍ॅडमिनला बंद करायला सांगा. त्यांनी नाही म्हटलं तर स्क्रीनशॉट हाच मार्ग. आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू असतील तर थांबू नका, एक्स्पोर्टच्या क्षणी जे फोनमध्ये असेल तेवढंच येतं.

फाइल कुठे पाठवायची? ईमेल चालतो, पण जीमेलवर 25 एमबीच्या वर जोडणी जात नाही, ड्राइव्हची लिंक बनते. मीडियासकटची फाइल सरळ ड्राइव्हवर किंवा आयफोनच्या फाइल्समध्ये ठेवा. संगणकावर उघडल्यावर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसली तर घाबरू नका, फाइल बिघडलेली नाही. वर्डने विचारलं की `Unicode (UTF-8)` निवडा. एक्सेलमध्ये डबल क्लिक न करता डेटा आयात करण्याच्या मार्गाने जा आणि तिथे `65001: Unicode (UTF-8)` निवडा.

आता जपून ठेवण्याचं. मूळ फाइलला हात लावायचा नाही. सुप्रभात काढून टाकायचे असतील, ओळी रंगवायच्या असतील तर प्रत करा आणि प्रतीत करा. टेक्स्ट फाइल कुणीही बदलू शकतो, हे समोरच्या वकिलालाही माहीत असतं. म्हणून काढल्या दिवशीच तिचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठसा, नोंदवून ठेवा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये फाइल असलेल्या फोल्डरमध्ये जाऊन:

```
certutil -hashfile "chat.txt" SHA256
```

`chat.txt` च्या जागी तुमच्या फाइलचं नाव, अवतरणचिन्हं तशीच ठेवून. 64 अक्षरांची एक ओळ येते, ती स्वतःला ईमेल करा. फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ही ओळ पूर्ण वेगळी येते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र जोडायचं असतं, त्यातही हॅश लिहावा लागतो. प्रकरण कोर्टात जाणार असेल तर प्रमाणपत्र वकिलाकडूनच भरून घ्या, त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.

साध्या तक्रारअर्जाला अख्खी फाइल जोडू नका. त्यात बाकीच्या बिऱ्हाडांचे नंबर आणि घरगुती गोष्टी असतात. संबंधित तारखांची पानं, त्यांचे फोटो आणि स्क्रीनशॉट एवढंच छापा.

आणि फोन. एक्स्पोर्ट केलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅपमध्ये परत घालता येत नाही, त्यामुळे ‘फाइल आहे’ म्हणून मूळ चॅट पुसू नका आणि वाद मिटेपर्यंत जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका. ग्रुप मोठा असेल तर दर तीन महिन्यांनी मीडियासकट एक फाइल काढत जा, म्हणजे 10,000 ची अडचण पुढच्या पावसाळ्यात येणार नाही.