परदेशी मास्टर्सच्या प्रोफाइलमध्ये प्रोजेक्ट असा लिहा

बेळगावातली इंजिनिअरिंगची मुलं प्रोफाइलमध्ये प्रोजेक्टचं फक्त नाव टाकतात आणि आवडीत ‘रोबोटिक्स, एआय, मटेरियल्स’ अशी यादी देतात. त्यातून प्राध्यापकाला काहीच कळत नाही.

1. प्रत्येक प्रोजेक्टखाली प्रश्न, पद्धत, निष्कर्ष आणि स्वतःचा वाटा लिहा. उद्यमबागच्या फाउंड्रीतलं काम असेल तर असं: ‘वाळूतल्या ओलाव्याने कास्टिंगमध्ये छिद्रं वाढतात का? ओलावा 3 ते 6 टक्के ठेवून नमुने ओतले. 5 च्या पुढे छिद्रं वाढली. चौघांच्या गटात नमुने कापून छिद्रं मोजण्याचं काम माझं.’ नमुने किती होते तेही सांगा. अपेक्षित निकाल आला नसेल तर तसं लिहून कारणाचा अंदाज द्या. मला तर अशीच नोंद जास्त बोलकी वाटते.

2. संशोधनाची आवड त्याच कामातून पुढे न्या: ‘ओतकामातले दोष आधीच ओळखणं’. मग ज्यांना मेल करणार त्यांचे अलीकडचे दोन शोधनिबंध वाचा आणि तुमचा प्रश्न त्यांच्या कामाला कुठे जुळतो ते मेलमध्ये एका वाक्यात लिहा.

जपा: जर्नलला पाठवलेला पण अजून न स्वीकारलेला शोधनिबंध ‘प्रकाशित’ म्हणून दाखवू नका. नाव शोधलं की लगेच कळतं.