ब्रोशरच्या फोटोवरून फ्लॅटचा खरा दर कसा काढावा

साइटवर जाऊन आलेल्या नातेवाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रोशरच्या पानांचे फोटो पाठवले, की घरात लगेच चर्चा सुरू होते: ‘हा ६,९०० ने देतोय, तो ७,६०० मागतोय. मग पहिलाच घेऊ या की!’ पण हे दोन आकडे एकाच मापाने मोजलेले असतीलच असं नाही. शेजारच्या दुकानात तूरडाळ स्वस्त दिसावी आणि नंतर कळावं की वजन पिशवीसकट केलं होतं, तसा हा प्रकार आहे.

आपण पुण्यातले दोन टूबीएचके घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण ब्रोशरची पानं साधारण अशीच असतात. पहिल्याच्या पानावर ठळक अक्षरात सुपर बिल्ट-अप, म्हणजे जिना-लॉबीच्या वाट्यासकट, १,०५० चौरस फूट, दर ६,९०० रुपये. दुसऱ्याचा सुपर बिल्ट-अप ९२० आणि दर ७,६००. म्हणजे पहिल्याची किंमत ७२ लाख ४५ हजार आणि दुसऱ्याची ६९ लाख ९२ हजार.

आधी फोटो नीट वाचा

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि बारीक छपाईतला ६ आणि ८ सारखाच दिसू लागतो. पाठवणाऱ्याला तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा पाठवायला सांगा. पानाचा खालचा भाग कापला गेला नाही ना, तेही बघा. वर आकड्याशेजारी चांदणी असते आणि तिचा अर्थ नेमका तळाच्या ओळीत दडलेला असतो.

आकडा बरोबर वाचला की नाही, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. क्षेत्रफळ बहुधा चौरस मीटर आणि चौरस फूट दोन्हींत छापलेलं असतं. चौरस मीटरला १०.७६४ ने गुणा. आपल्या पहिल्या ब्रोशरच्या तळाशी ५८.५३ चौरस मीटर असं काहीतरी दिसतंय. गुणाकार येतो ६३०. मधल्या ठळक रकान्यात मात्र ‘कार्पेट ७२०’ छापलंय. वाचण्यात चूक नाही. मग ९० फूट आले कुठून?

कार्पेट कोणतं, ते ओळखा

खरी गोम इथेच आहे. २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेटची व्याख्या ठरलेली आहे: फ्लॅटचं आतलं वापरायचं क्षेत्र आणि आतल्या भिंतींची जागा. बाहेरच्या भिंती, पाइपांच्या डक्ट, तुमच्या एकट्याच्या वापरातली बाल्कनी आणि टेरेस त्यात धरायचं नाही. विक्रीही याच क्षेत्रावर करायची असते. सुपर बिल्ट-अप किंवा ‘सेलेबल’ या शब्दांना तशी कायदेशीर व्याख्या नाही. जिना, लिफ्ट, लॉबी, क्लबहाउस यांतला वाटा किती चढवायचा, हे बिल्डर ठरवतो.

आपल्या पहिल्या ब्रोशरची चांदणी सांगते, की ७२० मध्ये रेरा कार्पेट ६३० आणि दोन बाल्कन्या व ड्राय बाल्कनी मिळून ९० आहे. यात खोटं काही नाही, पण ‘कार्पेट’ एवढंच वाचणारा फसतो. दुसऱ्या ब्रोशरमध्ये रेरा कार्पेट ६५० आणि बाल्कनी ४०, असं वेगवेगळं लिहिलंय.

शंका राहिली, तर त्याच पानावरच्या आराखड्यातून खोल्यांची मापं घेऊन बेरीज करा. १०'६" म्हणजे १०.५ फूट, १०.६ नव्हे. ही चूक भलेभले करतात. बाल्कन्या सोडून सगळ्या खोल्या, संडास-बाथरूम आणि पॅसेज यांची बेरीज समजा ५९० आली, तर आतल्या भिंतींना पस्तीस-चाळीस फूट देऊन ६३० जमतं. ७२० काही केल्या जमत नाही.

मग भागाकार

दर चौरस फुटाचा भाव काढताना छापलेला दर घेऊ नका. एकूण रक्कम घ्या आणि रेरा कार्पेटने भागा. एकूण रकमेत पार्किंग, क्लबहाउस, वीज-पाण्याच्या जोडणीचे पैसे आणि ‘इन्फ्रा चार्जेस’ या नावाने जे काही असेल ते सगळं धरा. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि जीएसटी तेवढे बाजूला ठेवा. मजलाही एकच धरा, कारण वरच्या मजल्याला फ्लोअर राइज म्हणून जादा पैसे लागतात.

पहिल्याकडे असे वरचे खर्च साडेपाच लाख आहेत. एकूण ७७ लाख ९५ हजार, भागिले ६३०, म्हणजे सुमारे १२,३७३ रुपये. दुसऱ्याकडे चार लाख. एकूण ७३ लाख ९२ हजार, भागिले ६५०, म्हणजे सुमारे ११,३७२ रुपये. कागदावर पहिला सातशे रुपयांनी स्वस्त होता, प्रत्यक्षात तो हजार रुपयांनी महाग निघाला.

‘पण बाल्कनीही आपलीच ना?’ असं घरातलं कुणीतरी म्हणणारच, आणि ते बरोबर आहे. मी बाल्कनी अर्धी धरते. तिथे कपडे वाळतात, कुंड्या राहतात, पण कॉट मावत नाही. अर्धी धरली तर पहिल्याचा भाव सुमारे ११,५४८ आणि दुसऱ्याचा ११,०३३. पूर्ण धरली तर अनुक्रमे १०,८२६ आणि १०,७१३. फरक शंभरेक रुपयांवर येतो, पण दुसराच स्वस्त राहतो. बाल्कनीच्या हिशेबाने उत्तर उलटलं असतं, तर तुम्हाला ती किती हवी आहे यावर ठरवावं लागलं असतं.

कार्पेटवर चढवलेल्या जागेला लोडिंग म्हणतात. सेल्स ऑफिसात ‘आमचं लोडिंग फक्त ३१ टक्के’ असं सांगितलं, तर कशाच्या टक्के ते विचारा. पहिल्या फ्लॅटमध्ये १,०५० आणि ७२० यांतला फरक ३३०. तो १,०५० च्या ३१ टक्के आहे, ७२० च्या ४६ टक्के आणि रेरा कार्पेटवर मोजायला गेलं तर ४२० म्हणजे तब्बल ६७ टक्के. तुलनेसाठी लोडिंगच्या मागे लागूच नये, असं माझं मत. वरच्या भागाकारात ते आपोआप येतं.

महारेरावर पडताळा

ब्रोशरवर महारेराचा नोंदणी क्रमांक असतो. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रातल्या प्रकल्पांच्या जाहिरातींवर क्यूआर कोडही सक्तीचा आहे. फोटोतला कोड गूगल लेन्सने वाचता येतो. धूसर असेल, तर क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाका. प्रकल्पाच्या माहितीत कोणत्या प्रकारचे किती फ्लॅट आणि प्रत्येकाचं कार्पेट किती, हे चौरस मीटरमध्ये दिलेलं असतं. तिथे ५८.५३ सापडला, तर भागाकार पक्का. एकाच प्रकारच्या फ्लॅटमध्ये दोन-तीन मापं असू शकतात, म्हणून आपल्या विंगची ओळ बघा.

ही पद्धत जुन्या, रेराच्या आधीच्या रीसेल फ्लॅटला जशीच्या तशी लागू पडत नाही. त्यांच्या करारात बहुतेकदा बिल्ट-अप असतं, म्हणजे भिंतींसकट. तिथे टेप घेऊन जा आणि खोल्या मोजा.

नव्या फ्लॅटसाठी टोकन देण्याआधी सही-शिक्क्याची कॉस्ट शीट मागा आणि तीवर ‘रेरा कार्पेट’ हेच शब्द आहेत का ते बघा. करारात क्षेत्रफळातल्या फरकाचं कलमही असतं. महाराष्ट्राच्या नमुना करारानुसार बांधकामानंतर कार्पेट तीन टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं. आपल्या पहिल्या फ्लॅटमध्ये ते जवळपास १९ चौरस फूट होतात, म्हणजे एका छोट्या बाथरूमएवढे.