घरून आलेला निबंध त्याच विद्यार्थ्याचा आहे का? वर्गातल्या वहीशी ताडून कसं पाहावं

आधी वर्गात हाताने लिहिलेलं जमवा: निबंधाची वही, घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका, सगळं याच वर्षातलं. प्रकार एकच हवा. वर्णनात्मक निबंधाशेजारी विज्ञानाचं उत्तर ठेवून काही कळत नाही.

शुद्धलेखनावर मुळीच जाऊ नका. मी गेलो होतो. वर्गात ‘नदि’, ‘पाणि’ लिहिणाऱ्या नववीतल्या मुलाने एकही चूक नसलेला निबंध आणला आणि मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. दुसऱ्या दिवशी त्याने कच्चा कागद आणला. आजी निवृत्त शिक्षिका, तिने लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते. वाक्यं त्याचीच होती.

खरी अडचण इथेच आहे. घरी वेळ असतो, शब्दकोश असतो, कुणीतरी वाचून देतं, त्यामुळे घरचा निबंध वर्गातल्यापेक्षा बरा असणारच. प्रश्न असा की किती बरा? हे एकाच मुलाची वही बघून कधीच कळत नाही. म्हणून ज्यांच्याबद्दल शंका नाही अशा तीन-चार मुलांचंही घरचं आणि वर्गातलं लिखाण काढा. प्रत्येकातून मधली सलग दहा वाक्यं घ्या आणि शब्द मोजा. सुरुवात आणि शेवट सोडा, ते बहुतेकांचे पाठ केलेले असतात.

एका मुलीचं वर्गातलं वाक्य सरासरी ८ शब्दांचं होतं, घरचं १४ चं. मला वाटलं, सापडली! बाकी तिघांचं मोजलं, तर दोघांचीही उडी ८-९ वरून १३ वर. म्हणजे लांबीला काही अर्थ उरला नाही.

मग सवयी पाहिल्या. वर्गात ती वाक्यं ‘मग’ने जोडते, ‘आईने मला सांगितलं’ असं थेट लिहिते. घरच्या निबंधात ‘मग’ एकदाही नाही आणि ‘करण्यात आले’, ‘पाहावयास मिळते’ जागोजागी. बाकी तिघांची जोडणी घरीदारी सारखीच होती. हा फरक दखल घेण्याजोगा. पण जुळणाऱ्या गोष्टीही तितक्याच प्रामाणिकपणे लिहून काढा: गावच्या ओढ्याचा प्रसंग तिच्या जुन्या वहीतही होता.

नावं झाकून हेच कागद सहकाऱ्याला दाखवा. तुमची शंका कुणावर, ते सांगू नका.

शेवटी मुलीला एकटीला बोलवा. ‘कुणी लिहून दिलं?’ असं विचारू नका. ‘हा परिच्छेद तुझ्या शब्दांत सांग’ म्हणा. तिने ओढ्याचं सगळं सांगितलं, ‘पाहावयास’ मात्र तिला फोड करून सांगता येईना. भाषा मामाची होती, गोष्ट तिची. मी गुण कापले नाहीत, तोच निबंध वर्गात बसवून पुन्हा लिहून घेतला आणि त्यावर गुण दिले.