या चुका टाळा: आरएसएची प्रायव्हेट की काढताना उत्तर ऋण आलं तर

सोलापुरात सात रस्त्याजवळ मी इंजिनिअरिंगच्या मुलांना क्रिप्टोग्राफी शिकवतो. एक्स्टेंडेड युक्लिडची गणितं तपासताना एक प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. भागाकार बरोबर, उलट्या पायऱ्याही बरोबर, आणि d मात्र चुकलेला.

p = २९ आणि q = ४१ घेऊ. n = ११८९, φ = २८ × ४० = ११२०. e = १७ ठेवू.

```
1120 = 65*17 + 15
  17 =  1*15 + 2
  15 =  7*2  + 1

1 = 15 - 7*2
  = 8*15 - 7*17
  = 8*1120 - 527*17
```

१७ चा गुणक आला -५२७. घातांक ऋण कसा चालेल, असं वाटून बरेच जण वजाचं चिन्ह पुसतात आणि d = ५२७ लिहितात. पण १७ × ५२७ = ८९५९, आणि त्याला ११२० ने भागलं तर बाकी १११९ उरते. ही बाकी φ पेक्षा बरोबर एकने कमी दिसली, की समजावं चिन्ह पुसलं गेलंय. अशा d ने डिक्रिप्ट केलं तर मूळ संदेशाऐवजी त्याचा n च्या हिशेबातला व्यस्त मिळतो: २ पाठवला तर ५९५ येतो, कारण २ × ५९५ = ११९०, म्हणजे ११८९ ने भागल्यावर बाकी १. चिन्ह पुसायचं नाही, φ मिळवायचा: -५२७ + ११२० = ५९३. पडताळा, १७ × ५९३ = १००८१ = ९ × ११२० + १.

प्रोग्राममध्ये हीच चूक लपून बसते. सी आणि जावामध्ये `-527 % 1120` चं उत्तर -५२७ च येतं, पायथॉनमध्ये ५९३. म्हणून सी किंवा जावात `((x % phi) + phi) % phi` असं लिहा.

दुसरी चूक φ च्या जागी n घेण्याची. तेव्हा d = ७० येतो आणि १७ × ७० = ११९० हा पडताळा n शी चोख जुळतो, त्यामुळे शंकाच येत नाही. डिक्रिप्ट केल्यावर मात्र २ च्या जागी ११८८ येतो.

उलट, कधी उत्तर बरोबर असूनही मुलं ते खोडतात. वहीत ५९३ आणि शेजाऱ्याकडे ३३, तर दोन्ही बरोबर आहेत. शेजाऱ्याने φ ऐवजी २८ आणि ४० चा लसावि, म्हणजे २८०, वापरलाय. आरएसएच्या आरएफसी ८०१७ या मानकातही लसाविच आहे. ५९३ ला २८० ने भागलं की बाकी ३३ उरते. शंका आली तर e × d मधून १ वजा करा आणि २८ व ४० या दोघांनी वेगवेगळा भाग जातो का पाहा. ३३ साठी ५६० येतात, ५९३ साठी १००८०, आणि दोन्हींना भाग जातो. ७० साठी येणाऱ्या ११८९ ला दोघांपैकी एकानेही जात नाही.