तीस मजली टॉवरच्या पाण्याचा हिशेब कसा मांडावा

पहिल्या मजल्यावर गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह रात्रभर ठिबकतोय आणि तिसाव्यावर शॉवरची धार करंगळीएवढी. टॉवर एकच, टाकीही एकच. घोडबंदर रोडवरच्या इमारतींमधून अशी तक्रार आली की मी आधी प्रेशरचे विभाग कुठे पाडलेत ते पाहतो. पण तिथे पोचायला मागणीपासून सुरुवात करावी लागते.

उदाहरण घेऊ. पोडियमवर ३० राहते मजले, मजल्यावर ४ घरं, घरटी ५ माणसं: एकूण ६००. माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. त्यातले ४५ फ्लशचे. ते सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाच्या, म्हणजे एसटीपीच्या, प्रक्रिया केलेल्या पाण्यातून, वेगळ्या टाकीने आणि वेगळ्या पाइपने द्यायचे. उरले ९० लिटर, म्हणजे रोजचे ५४,००० लिटर.

जमिनीखालची टाकी निदान दीड दिवसाची ठेवा: ८१,००० लिटर. शटडाऊननंतर पाणी सुटलं तरी पहिले काही तास धार बारीकच असते, हे ठाणेकरांना सांगायला नको. आगीसाठीचा साठा वेगळा, अग्निशमन दलाच्या मंजुरीप्रमाणे. पालिकेचं पाणी आधी त्या टाकीत पडून, ती भरली की वापराच्या टाकीत उतरेल अशी रचना करा, म्हणजे आगीचं पाणी साचून कुजत नाही. गच्चीवर अर्ध्या दिवसाचा साठा पुरतो: २७,००० लिटर, दोन कप्प्यांत, म्हणजे एक धुताना दुसरा चालू राहतो. हे २७ टन वजन स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधीच कळवा.

ही टाकी तीन तासांत भरायची तर पंप तासाला ९,००० लिटरचा हवा. उंची मोजताना तळटाकीच्या तळापासून मोजा: ४ मीटर खोली, ९ मीटर पोडियम, ९० मीटर मजले, गच्चीवर पाणी पडण्यापर्यंत ४ ते ५ मीटर. पाइपातलं घर्षण आणि थोडी शिल्लक धरून १२० मीटर. साधारण १० एचपीचा पंप निघतो. एक चालू, एक राखीव. तळटाकी रिकामी झाली की पंप आपोआप थांबला पाहिजे.

आता मूळ मुद्दा. १० मीटर पाण्याची उंची म्हणजे जवळपास १ बार. टाकीचा तळ गच्चीपासून ३ मीटर वर धरला, तर तिसाव्या मजल्यावरचा नळ त्याच्या ५ मीटर खाली येतो. शॉवर तर ४ मीटरच, म्हणजे ०.४ बार. शॉवरला १ बार तरी लागतो. म्हणून २७ ते ३० हे वरचे चार मजले बूस्टर पंपावर टाका आणि बूस्टरला जनरेटरची जोडणी द्या. तो बंद पडला तर निदान नळाला पाणी यावं म्हणून बायपास ठेवा, त्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच.

दर मजल्याला ०.३ बार वाढत जातो. नळावर ३.५ बारपेक्षा जास्त नको, असं धरलं तर २६ ते २० हे मजले टाकीवरून थेट चालतात. विसाव्यावर बरोबर ३.५ भरतो. खाली काहीच केलं नाही, तर पहिल्या मजल्यावर ९.२ बार! म्हणून प्रेशर कमी करणारे व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही, लावून उरलेल्या १९ मजल्यांचे तीन विभाग करा: १९ ते १३, १२ ते ७, ६ ते १. प्रत्येक विभागाच्या वरच्या मजल्यावर १.२ बार सेट केला की सगळ्यात खालच्या नळालाही ३ बारपेक्षा जास्त जात नाही.

नकाशावर हे सोपं दिसतं. पण तिन्ही व्हॉल्व्ह टाकीच्या सरळ लाइनवर लावले, तर सहाव्या मजल्याच्या व्हॉल्व्हला ७.७ बारचे एका दमात १.२ करावे लागतात, म्हणजे सहापटीहून अधिक उतार. असा व्हॉल्व्ह शिट्टी वाजवतो आणि त्याची झडप जिथे टेकते ती सीट लवकर झिजते. मी तीनपटीच्या आसपास थांबतो. त्यासाठी व्हॉल्व्ह एकापाठोपाठ लावतो: एकोणिसाव्यावर ३.८ चे १.२, तिथून बाराव्यापर्यंत उतरताना पुन्हा ३.३ होतात त्याचे १.२, आणि सहाव्यावर ३.० चे १.२. यात वरच्या व्हॉल्व्हवर १९ मजल्यांचा भार येतो. त्याचा आकार तेवढा घ्या आणि शेजारी समांतर राखीव लावा. प्रत्येकाआधी गाळणी, पुढेमागे गेज.

पीआरव्हीच्या बायपासवर साधा व्हॉल्व्ह कधीच ठेवू नका, तिथेही पीआरव्हीच हवा. एका सोसायटीत प्लंबरने दुरुस्तीनंतर बायपास उघडाच ठेवला. सकाळपर्यंत खालच्या तीन घरांतल्या फ्लशच्या टाक्यांचे जोडनळ निसटले होते.

ताबा घेण्याआधी एक तपासणी रात्री तीनला करा, जेव्हा कुणी नळ उघडत नाही. पीआरव्हीच्या पुढच्या गेजवर खूण करून अर्धा तास थांबा. काटा १.२ वरून हळूहळू वर सरकत असेल तर सीटवर कचरा अडकलाय. दिवसा तो दोष दिसत नाही, कारण वापर सुरू असला की प्रेशर खाली येतं. पहिल्या मजल्यावरचा गिझर रात्रीच का ठिबकतो, ते इथे कळतं.